एकास सहा, एकास चार

घराचं बांधकाम सुरू झालं की मालकाच्या कानावर दोन आकडे पडतात. विटांच्या भिंतीला ‘एकास सहा’चा माल आणि प्लास्टरला ‘एकास चार’चा. म्हणजे एक माप सिमेंटला सहा मापं वाळू, किंवा चार मापं. ऐकणाऱ्याला हा हिशेब उलटाच वाटतो. घराचा भार भिंत पेलते, प्लास्टर तर नुसतं वरचं आवरण. मग सिमेंट भिंतीत कमी आणि आवरणात जास्त का? काही मालक तर गवंड्याला बजावतात, “पैशाकडे पाहू नका, भिंतीलाही चारचाच माल घाला.” गवंडी मान डोलावतो, कारण सिमेंट मालकाचं असतं.

त्या जादा सिमेंटने भिंतीच्या ताकदीत काय भर पडते, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. दहा फूट उंचीची, नऊ इंची भिंत घेऊ. तिच्या स्वतःच्या वजनाने सर्वांत खालच्या थरावर दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोपेक्षा थोडा जास्त दाब येतो. खोलीच्या एका स्लॅबचा भार त्यात मिळवला तरी तो एक-सव्वा किलोच्या आसपास राहतो. एकास सहाच्या मालाची २८ दिवसांनंतरची ताकद मात्र दर चौरस सेंटीमीटरला किमान ३० किलो धरलेली आहे. अर्थात, मालाची ताकद म्हणजे भिंतीची ताकद नव्हे. भिंत विटा आणि माल मिळून बनते आणि तिची मर्यादा बहुधा वीटच ठरवते. वीटबांधकामाचं भारतीय मानक, आय. एस. १९०५, या बाबतीत स्पष्ट आहे. त्यातल्या तक्त्यात दर चौरस सेंटीमीटरला ३५ किलो ताकदीच्या विटेसाठी एकास चार आणि एकास सहा या दोन्ही मालांना सारखाच मूळ दाब मंजूर केला आहे, साधारण साडेतीन किलो. आपल्याकडच्या भट्टीतल्या हातपाडी विटा अनेकदा याच वर्गाच्या आसपासच्या असतात. म्हणजे अशा विटांच्या भिंतीत जास्तीचं सिमेंट घातलं तरी भार पेलण्याच्या हिशेबात एका किलोचीही भर पडत नाही.

उलट थोडं नुकसानच होतं. पाया किंचित खचला, ऊन-थंडीने भिंत आकसली-प्रसरली, की कुठेतरी ताण मोकळा व्हावाच लागतो. सांध्यातला माल विटेपेक्षा जरा कमकुवत असेल तर बारीक भेगा सांध्यांतून जातात आणि त्या बुजवता येतात. माल विटेपेक्षा टणक असेल तर भेग विटाच फोडत जाते. शिवाय सिमेंट जास्त असलेला माल वाळताना जास्त आकसतो. म्हणून नऊ इंची आणि त्याहून जाड भिंतीला एकास सहा हे प्रमाण रूढ झालं आहे. त्याहून खाली, एकास आठपर्यंत गेलं, तर माल खरबरीत होतो, थापीवरून नीट सुटत नाही, विटेखाली सारखा पसरत नाही आणि सांध्यांत पोकळ्या राहतात.

अपवाद आहे तो खोल्यांमधल्या चार-साडेचार इंची भिंतीचा. ही भिंत भार घेत नाही, पण ती बारीक आणि उंच असते; दार आपटलं, खिळा ठोकला तरी थरथरते. तिथे दाबाचा प्रश्न नसून माल विटेला किती घट्ट धरून ठेवतो याचा असतो. म्हणून तिला एकास चारचा माल घालतात आणि दर तीनेक फुटांवर सळ्या टाकून काँक्रीटचा पातळ पट्टा देतात.

प्लास्टरचं काम मुळातच वेगळं. भिंतीतला माल दोन विटांमध्ये दाबून बसलेला असतो, पडायला जागाच नसते. प्लास्टर उभ्या पृष्ठभागावर फेकलं जातं आणि त्याला तिथेच चिकटून राहावं लागतं, तेही जेमतेम अर्धा इंच जाडीत. बाहेरून असेल तर वर पाऊसही झेलायचा. इथे वाळूच्या कणांमधल्या मोकळ्या जागेचा प्रश्न येतो. कोरड्या वाळूच्या ढिगात साधारण एक तृतीयांश जागा रिकामी असते. ही जागा सिमेंटच्या लगद्याने भरली की माल चिकट होतो, पाणी सहज आत जाऊ देत नाही. एकास तीन-चारच्या मालात ती बरीचशी भरते, एकास सहामध्ये बरीच रिकामी राहते. भिंतीत त्याने बिघडत नाही, कारण तिच्या अंगावर प्लास्टर येणारच असतं. प्लास्टरच्या अंगावर मात्र फक्त रंग येतो.

मग एकास दोन का नको? कारण तेच, आकसणं. मागची भिंत आकसायची थांबलेली असते आणि वरचा पातळ थर सुकताना आकसू पाहतो. थर जितका सिमेंटने दाट, तितका तो जोरात ओढला जातो. शेवटी जाळीसारख्या भेगा पडतात किंवा थर भिंतीपासून सुटतो. म्हणून जुना नियम असा की वरचा थर खालच्यापेक्षा टणक असू नये. स्लॅबच्या खालच्या बाजूला एकास तीनचा माल चालतो, कारण तिथे मागे काँक्रीट आहे आणि थर फक्त पाव इंचाचा. आतल्या विटांच्या भिंतीला पाऊस लागत नसेल तर एकास पाचही पुरतो. बाहेरच्या भिंतीला मात्र दोन हात लागतात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतलं बाहेरचं वाळूमुखी प्लास्टर पाहिलं तर पहिला हात १५ मिलिमीटर, तो खरबरीत ठेवून किमान दोन दिवस पाणी, मग ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा हात, दोन्ही एकास चारचे, आणि नंतर १४ दिवस पाणी. दुसरा हात पहिल्यापेक्षा दाट केलेला नाही, हे लक्षात घ्यावं.

प्रमाण कागदावर ठरलं तरी ते पाळलं जातं की नाही हे मापावर ठरतं. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर. म्हणून ४० सेंटीमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ उंच असा लाकडी किंवा लोखंडी फर्मा करून घेतला की एक गोणी म्हणजे एक फर्मा. भिंतीला सहा फर्मे वाळू, प्लास्टरला चार. बहुतेक ठिकाणी घमेल्याने मोजतात आणि तिथेच घोळ होतो. सकाळी बिगारी घमेलं शिगोशीग भरतो, दुपारी ऊन चढल्यावर तेच काठापर्यंत येतं.

दुसरा घोळ ओल्या वाळूचा. ओलसर वाळू फुगते, कारण कणांभोवतीचं पाणी त्यांना एकमेकांपासून दूर धरतं. हे घरच्या घरी तपासता येतं. सरळ बाजूंच्या डब्यात २० सेंटीमीटर उंचीपर्यंत ओलसर वाळू भरायची, ती काढून ठेवायची, डबा अर्धा पाण्याने भरायचा आणि वाळू परत आत सोडून काठीने ढवळायची. पूर्ण भिजली की वाळू खाली बसते. ती १६ सेंटीमीटरवर आली तर फुगवटा २५ टक्के. मग चार फर्मे ओलसर वाळूत खरी वाळू सव्वातीन फर्म्यांच्याही आत असते आणि एकास चारचा म्हणून केलेला माल जवळपास एकास तीनचा होतो. अशा वेळी चारऐवजी पाच फर्मे घ्यावे लागतात. पावसाळ्यात केलेल्या प्लास्टरला जास्त भेगा का, याचं एक उत्तर यात आहे.

वाळूही दोन्हींना एकच नको. बांधकामाला थोडी जाड चालते. प्लास्टरची वाळू बारीक चाळणीतून काढावी लागते, नाहीतर एखादा खडा पट्टीखाली येऊन लांब ओरखडा पाडतो. नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून बेसॉल्ट फोडून केलेली क्रश सँड सगळीकडे आली. ती घेताना प्लास्टरसाठी वेगळी, धुतलेली मागावी. खडीच्या मशीनखाली साठणारी भुकटी वाळू म्हणून आली तर माल पाणी पीत राहतो आणि सुकल्यावर भेगाळतो.

कालवताना पत्र्यावर किंवा पक्क्या ओट्यावर आधी वाळू पसरायची, वर सिमेंट, आणि रंग एकसारखा होईपर्यंत दोन-तीनदा कोरडंच उलटंपालटं करायचं. मग मधोमध आळं करून पाणी ओतायचं आणि कडेचा माल आत ओढत जायचं. बांधकामाचा माल थापीवर घेतला तर उभा राहावा, वीट ठेवून दाबली की सांध्यातून किंचित बाहेर यावा. प्लास्टरचा माल जरा मऊसर, पण भिंतीवर मारल्यावर ओघळणारा नको. जेवढा दोन तासांत संपेल तेवढाच कालवावा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा ‘जिवंत’ करण्याची सवय सर्वत्र आहे. त्यात सिमेंटची अर्धी पकड आधीच वाया गेलेली असते. विटा भिजवलेल्या आणि प्लास्टरआधी भिंत ओली हवी, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंट उपाशी राहतं.

दहा बाय दहा फुटांच्या एका नऊ इंची भिंतीचा हिशेब असा. बांधायला एकास सहाने सव्वातीन-साडेतीन गोण्या आणि पाव ब्रासच्या आसपास वाळू. तीच भिंत एकास चारने बांधली तर साडेचार-पावणेपाच गोण्या. आतून अर्धा इंच प्लास्टरला एक गोणी, बाहेरून दोन हातांना दोन. भिंतीत वाया जाणारी ती सव्वा गोणी बाहेरच्या प्लास्टरच्या कामाची असते.

सर्वांत मोठी चोरवाट मात्र शेवटच्या तासात असते. प्लास्टर ओलं असतं, गवंड्याला घरी जायची घाई असते, म्हणून तो मूठभर कोरडं सिमेंट भिंतीवर उडवतो. ते पाणी शोषतं आणि रंधा लगेच फिरतो. दिसायला भिंत आरशासारखी. प्रत्यक्षात अर्धा इंच एकास चारच्या अंगावर निव्वळ सिमेंटचा कागदासारखा पापुद्रा चढलेला असतो. आठ-पंधरा दिवसांत त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा उमटतात आणि दोष ‘सिमेंट कंपनी’वर जातो.

तयार प्लास्टर तपासायला खिळा आणि थापीची मूठ पुरते. खिळ्याने ओरखडल्यावर वाळू झरझर गळाली तर सिमेंट कमी पडलंय किंवा पाणी मारलेलं नाही. मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर थर भिंतीपासून सुटलाय. तेवढा भाग काढून पुन्हा करावा, वरून रंग मारून तो बसत नाही. आणि काँक्रीटचा खांब व विटांची भिंत जिथे मिळतात त्या सरळ उभ्या रेषेतच भेग असेल, तर प्रमाण कितीही बरोबर असलं तरी ती येणारच. तिथे प्लास्टरआधी चिकन मेशची पट्टी ठोकायची राहून गेलेली असते.