सर्वेक्षणाला पूरक गटचर्चा : लखनौच्या चिकन कारागिरांसाठी प्रश्नक्रम

लखनौचा चौक परिसर आणि काकोरी, मलिहाबादकडील गावे येथे असंख्य स्त्रिया घरी बसून चिकनचे भरतकाम करतात. छापलेला कपडा मध्यस्थ आणून देतो आणि मजुरी नगावर मिळते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार अशी स्त्री स्वयंरोजगारित ठरते. परंतु ‘काम करता का?’ या प्रश्नाला ‘नाही, घरीच असते’ असे उत्तर आले, तर तिची नोंद ‘केवळ घरगुती कामे’ या संकेतांक ९२ खाली होण्याचा संभव असतो. असे का घडते, हे समजण्यासाठी सर्वेक्षणानंतर गटचर्चा योजावी लागते.

समजा, सहा ते आठ कारागीर स्त्रियांची दीड तासाची चर्चा ठरली. अमेरिकी अभ्यासक रिचर्ड क्रूगर यांच्या मांडणीनुसार प्रारंभीचा प्रश्न प्रत्येकीने अर्ध्या मिनिटात उत्तर द्यावा असा असतो आणि त्यातून दर्जाचा भेद उघड होता कामा नये. ‘आपण कोणता टाका घालता?’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण तो येथे टाळावा. बारीक मुर्री किंवा जाळी करणारीचा मान वेगळा. तिच्यासमोर साधी टेपची घालणारी पुढे गप्प राहते. नाव आणि मोहल्ला एवढे पुरे.

त्यानंतरचा परिचयात्मक प्रश्न विषय उघडतो : ‘सुई हातात कशी आली?’ मग संक्रमण प्रश्न : ‘एक कुर्ता घरी आल्यापासून परत जाईपर्यंत काय काय होते, ते सांगा.’ येथे दिवस, तास, डोळ्यांचा त्रास, मध्यस्थाची कपात हे सारे आपोआप येते. या तिन्हींना मिळून वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. अन्यथा मुख्य प्रश्न घाईत उरकावे लागतात.

मुख्य प्रश्न दोन-तीनच असावेत आणि प्रत्येकास पंधरा-वीस मिनिटे मिळावीत. ‘कोणी विचारले, तुम्ही काय करता, तर काय सांगता?’ हा पहिला. ‘कशाला काम म्हणायचे आणि कशाला नाही?’ हा दुसरा. ‘का’ हा शब्द शक्यतो वापरू नये; त्याने माणूस स्वतःचे समर्थन करू लागतो. सर्वेक्षणातील प्रश्न जसाच्या तसा वाचला, तर स्त्रिया एकमेकींकडे न पाहता संचालिकेकडे पाहून एकेक शब्दात उत्तरे देतात. चर्चा मुलाखतीत बदलल्याची ही खूण होय.

आठांपैकी सहा जणींनी ‘हे काम नव्हे’ म्हटले, तरी त्याचे ७५ टक्के करता येत नाहीत. गट यादृच्छिक नमुन्याने निवडलेला नसतो. मात्र अशा तीन-चार गटांत ‘काम’ म्हणजे बाहेर जाऊन केलेले, असा अर्थ पुन्हा पुन्हा आढळला, तर पुढील सर्वेक्षणात प्रश्न बदलून पाहता येतो : ‘गेल्या सात दिवसांत दुसऱ्याचा कपडा घरी आणून पैशांसाठी सुईकाम केले का?’