सागवान, शिसव आणि खालची फरशी

नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात राखाडी ओकचं लॅमिनेट फ्लोअरिंग. त्यावर सागवानी सोफा, आजोबांच्या वेळचं शिसवी कपाट आणि सोफ्याच्या रंगाशी 'जवळपास जुळणारा' सनमायका लावलेलं टीव्ही युनिट. वस्तू एकेकट्या देखण्या, पण एकत्र आल्या की जुन्या फर्निचरच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं.

अशा वेळी सगळ्या लाकडाला एकाच रंगाचं पॉलिश मारावं असं सुचतं. पण प्रत्येक लाकडाचे रेषे वेगळे आणि पॉलिश शोषण्याची ताकदही वेगळी. त्यामुळे रंग थोडक्यात हुकतो, आणि थोडक्यात हुकलेला रंगच डोळ्याला खुपतो. या खोलीत गडद कपाट तितकं खटकत नाही, सोफ्याशी बरोबरी करू पाहणारं टीव्ही युनिट मात्र खटकतं. दोन छटांत ठळक अंतर असलं की ती निवड ठरवून केल्यासारखी दिसते.

अंतर गडदपणात हवं, झाक मात्र एकमेकींना धरून हवी. सागाची झाक सोनेरी, शिसवाची तांबूस-जांभळट. दोन्ही उबदार, म्हणून त्यांचं जमतं. राखाडी फरशी थंड, त्यामुळे तिच्यावर साग आहे त्याहून नारिंगी दिसतो. झाक ओळखायला लाकडाशेजारी पांढरा कागद धरावा आणि खिडकीपाशी दिवसाउजेडी पाहावं. रात्री दिवे लावून पुन्हा पाहावं, कारण पांढऱ्याशुभ्र ट्यूबच्या उजेडात पिवळी झाक मंदावते.

मग ही खोली सावरायची कशी? फरशी उखडायची गरज नाही. सोफ्याखाली बदामी रंगाचा मोठा गालिचा घातला आणि निदान पुढचे पाय त्यावर आले, की साग आणि राखाडी रंग थेट भिडत नाहीत. टीव्ही युनिटला साधा मोतिया सनमायका लावला की ते लाकडांच्या स्पर्धेतून बाहेर पडतं. आता उरल्या तीन छटा: फरशी, साग, शिसव. कपाट एकटं पडू नये म्हणून समोरच्या भिंतीवर तशाच गडद फ्रेमा लावाव्यात, आणि सोफ्याला जोड म्हणून खिडकीजवळ सागाचं छोटं स्टूल ठेवावं. एक छटा दोन ठिकाणी दिसली की ती चुकून आल्यासारखी वाटत नाही.

घाई मात्र नको. नवा साग उजेडात हळूहळू सोनेरी-तपकिरी होतो, अक्रोडाचं लाकूड उलट फिकट होत जातं, तर छापील लॅमिनेट बहुधा आहे तसंच राहतं. म्हणून कोऱ्या सागाला जुळेल असं लॅमिनेट आज निवडलं, तर काही महिन्यांनी दोघांची फारकत होते.

नमुना दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका. तुकडा घरी आणा आणि फर्निचरला टेकवून पाहा. पॉलिश करायचं असेल तर कारागिराला आधी त्याच लाकडाच्या आतल्या बाजूला हात मारून दाखवायला सांगा, आणि तो पूर्ण वाळल्यावरच होकार द्या.