मान ओली राहिली की रोप लोळते

संध्याकाळी ताठ उभी असलेली टोमॅटोची रोपे सकाळी ट्रेमध्ये आडवी पडलेली दिसतात. पाने अजून हिरवीगार असतात, त्यामुळे पाणी कमी पडले असावे असे वाटते आणि माणूस झारी उचलतो. नेमके तेव्हाच थांबायला हवे. पडलेले एक रोप हलक्या हाताने उपटून त्याची मान, म्हणजे खोड मातीतून बाहेर येते तो भाग, पाहावा. तिथे खोड पाणी शोषल्यासारखे, तपकिरी आणि दोऱ्याइतके बारीक झाले असेल, तर ही रोपे कोलमडण्याची रोपमर आहे, आणि झारीतले पाणी ती वाढवणार आहे. तहानलेल्या रोपाची मान टणक राहते आणि पाणी मिळाले की ते उभे होते. अळीने कुरतडलेले रोप दातांनी तुटल्यासारखे साफ कापलेले असते. तिन्हींत गल्लत झाली, तर उपचारही चुकतो.

हे काम एकाच बुरशीचे नाही. आपल्याकडच्या रोपवाटिकांत बहुतेक वेळा पिथियम किंवा रायझोक्टोनिया सापडते. त्यांतली पिथियम शास्त्रीय अर्थाने खरी बुरशीही नाही. बटाट्यावर करपा आणणाऱ्या फायटोफ्थोराच्या गोत्रातला तो पाण्यातला जीव आहे. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत मुळापाशी येतात. त्याचे जाड कवचाचे बीजाणू मातीच्या कणांत आणि सुकलेल्या मुळांच्या तुकड्यांत दीर्घकाळ दबून राहतात. रायझोक्टोनिया पोहत नाही, तो धाग्यांनी एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. कधी बी उगवण्याआधीच मातीत कुजते. मग आपण बियाणे विकणाऱ्याला दोष देतो. उगवून आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे धोक्याचे असतात, कारण खोड कोवळे असते. ते कठीण झाले की बहुतेक रोपे निभावतात. म्हणून या दोन-तीन आठवड्यांत मान कोरडी ठेवणे, हीच सारी धडपड.

औषधावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कार्बेन्डाझिम रायझोक्टोनियावर चालते, पण पिथियमवर चालत नाही. मेटॅलॅक्झिल पिथियमवर चालते, रायझोक्टोनियाला मात्र काही करत नाही. डोळ्यांनी पाहून कोण आहे ते खात्रीने सांगता येत नाही, आणि आडवे पडलेले रोप तर कोणत्याच औषधाने उभे होत नाही. स्वच्छता आणि वारा मात्र दोघांनाही सारखेच आवरतात. त्यामुळे माझा कल आधी त्यांच्याकडे आहे.

एक एकर टोमॅटोचे उदाहरण घेऊ. ओळींत ५ फूट आणि रोपांत दीड फूट अंतर धरले तर साधारण ५,८०० रोपे लागतात. ९८ कपांच्या प्रोट्रे ६० भरल्या तर ५,८८० रोपे होतात, म्हणजे पडझडीला जवळजवळ जागाच उरत नाही. म्हणून ६६ ट्रे धरू. ट्रे मागच्या हंगामाच्या आहेत आणि कपांच्या कोपऱ्यांत जुनी मुळे चिकटलेली आहेत. बहुतेक लोक त्या थेट औषधाच्या पाण्यात बुडवतात, आणि तिथेच मेहनत वाया जाते. क्लोरीन सेंद्रिय मळाशी भिडले की त्याचा जोर तिथेच संपतो, मळाच्या आत दडलेला रोग तसाच राहतो. आधी ट्रे आपटून झाडाव्यात, पाण्याच्या जोराने धुवाव्यात, कोपरे ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासावेत. मग प्लास्टिकच्या टबात एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी मिसळावे. ट्रे त्यात पूर्ण बुडवून १० ते ३० मिनिटे ठेवाव्यात. गावात टीसीएल पावडर सहज मिळते. ती ताजी असेल तर लिटरला १५ ग्रॅम पुरते, फक्त निवळलेले पाणीच वापरावे. त्यात फिनेल, ॲसिड किंवा दुसरे काही मिसळू नये, विषारी वायू निघतो. हातमोजे घालून मोकळ्या जागेत काम करावे आणि द्रावण गढूळ झाले की नवे करावे. शेवटी ट्रे साध्या पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवाव्यात. तडे गेलेल्या ट्रे बाजूलाच टाकाव्यात, तड्यात अडकलेले मूळ ब्रशच्या हाती लागत नाही.

धुतलेली ट्रे जमिनीवर मांडली की ती पुन्हा अस्वच्छ झाली. प्रोट्रेचा मोठा गुण असा, की प्रत्येक रोपाचा कप वेगळा असतो. गादीवाफ्यात मर गोल चट्ट्याने पसरते, इथे तिला कप ओलांडावा लागतो. पण ट्रे प्लास्टिकच्या कागदावर ठेवल्या आणि खाली पाणी साचले, तर खालच्या छिद्रांतून ते सारे कप एकमेकांना जोडते आणि पोहणाऱ्या बीजाणूंना वाट मिळते. गुडघ्याइतक्या उंच मांडवावर, जाळीवर ट्रे ठेवल्या, की पाणी निथळते आणि वारा खालूनही फिरतो. पाण्याच्या नळीचे तोंडही जमिनीवर टाकू नये, ते खुंटीला अडकवावे. कोकोपीट नवेच घ्यावे, गेल्या हंगामातले परत भरू नये.

वाऱ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. पांढरी माशी पर्णगुच्छ आणते म्हणून टोमॅटोच्या रोपवाटिकेला ४० मेशची जाळी लावावी लागते. ती जाळी माशी अडवते आणि वाराही अडवते. पावसाळ्यात वरून प्लास्टिक टाकले की आत दमट हवा कोंडून बसते. जाळी काढता येत नाही, तेव्हा बाकी सगळीकडून जागा द्यावी. छत उंच ठेवावे, ट्रेंच्या ओळींमध्ये हात जाईल एवढी फट ठेवावी, पावसासाठी टाकलेले प्लास्टिक फक्त वरच राहू द्यावे, बाजूंना खाली सोडू नये. वीज असेल तर एक पंखा रोपांच्या वरून आडवा वारा जाईल असा लावावा. पाने जेमतेम हलली तरी पुरे, जोराचा झोत रोपे सुकवतो.

पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतात. टोमॅटो साधारण चार ते सहा दिवसांत फुटतो. पहिले कोंब दिसताच, त्याच दिवशी, ट्रे उघडून पसरावी. सगळे उगवेपर्यंत वाट पाहिली, तर खोड लांबट आणि फिकट होते, आणि असे खोड सर्वांत आधी पडते. पाणी सकाळीच द्यावे, म्हणजे दुपारपर्यंत कोकोपीटचा वरचा थर फिकट होतो. तो फिकट होत नसेल, तर दुसऱ्या सकाळी पाणी टाळावे. कपातले कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी टपकत असेल, तर ते आधीच जास्त झाले आहे. ट्रेच्या कडेचे कप लवकर सुकतात, मधले उशिरा. म्हणून पहिली पडझड बहुधा मधे दिसते आणि पाहणीही तिथूनच सुरू करावी.

पडलेले रोप दिसले की कपातल्या कोकोपीटसकट उचलून रोपवाटिकेबाहेर न्यावे, त्या ट्रेला दोन दिवस पाणी कमी द्यावे आणि ती इतरांपासून वेगळी ठेवावी. रिकाम्या कपात पुन्हा बी टाकण्याचा मोह होतो. तो कप रोगाचाच आहे, नवे बी तिथेच कुजेल. कमी पडणारी रोपे जादा भरलेल्या सहा ट्रेंमधून, म्हणजे ५८८ रोपांतून, काढता येतात.