एकच व्हॉट्सॲप, दोन इतिहास

फोनमध्ये कंपनीने वर्क प्रोफाइल टाकून दिले की ॲप्सच्या यादीत काही ॲप्स दोनदा दिसू लागतात. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात ऑफिसच्या बॅगेचे बारीक चिन्ह असते. जुने व्हॉट्सॲप उघडले तर घरचे ग्रुप जागेवर असतात. बॅगवाले उघडले तर ते ओळखच दाखवत नाही. भाषा निवडा, नंबर टाका, ओटीपी द्या, असे पहिल्यापासून सुरू होते. एकाच फोनवरचे एकच ॲप असे अनोळखी का वागते, याचे उत्तर अँड्रॉइडच्या पोटात आहे.

अँड्रॉइडच्या लेखी वर्क प्रोफाइल म्हणजे फोनचा दुसरा वापरकर्ता. ही सोय २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५ पासून आहे. फोनच्या मूळ मालकाचा क्रमांक ० असतो आणि वर्क प्रोफाइलला बहुतेक फोनमध्ये १० हा क्रमांक मिळतो. व्हॉट्सॲपचा प्रोग्राम फोनमध्ये एकदाच साठवलेला असतो, त्यामुळे अपडेट आले की दोन्हीकडची आवृत्ती बरोबरच बदलते. पण त्या प्रोग्रामची वही, म्हणजे संदेश, सेटिंग्ज आणि कोणत्या नंबरवर नोंदणी झाली आहे ही माहिती, प्रत्येक वापरकर्त्यासाठी निराळ्या फोल्डरमध्ये जाते:

```
/data/user/0/com.whatsapp
/data/user/10/com.whatsapp
```

दोन्ही फोल्डरना एकमेकांत डोकावता येत नाही. घरच्या बाजूचे ॲप काढून टाकले तरी ऑफिसच्या बाजूचे तसेच राहते. एकीकडे डेटा पुसला तर दुसरीकडे काही होत नाही. फोटोंचेही तेच. ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर आलेला फोटो घरच्या गॅलरीत दिसत नाही, कारण त्याची साठवणही १० क्रमांकाच्या खात्यात होते. तो शोधायचा असेल तर फाइल्स ॲपमध्ये ऑफिसचा वेगळा टॅब उघडावा लागतो. एकच व्हिडिओ दोन्हीकडच्या ग्रुपवर आला तर तो दोनदा जागा खातो. आणि ऑफिसच्या बाजूला माणसांच्या नावांऐवजी नुसते नंबर दिसले तर तो बिघाड नव्हे. ती प्रत त्या प्रोफाइलमधले कॉन्टॅक्ट वाचते, आणि ती यादी सुरुवातीला रिकामीच असते.

खरी गुंतागुंत होते ती नंबरमुळे. व्हॉट्सॲपच्या सर्व्हरला प्रोफाइल वगैरे काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने या दोन प्रती म्हणजे दोन वेगळे फोन आहेत, आणि एका नंबरचा मुख्य फोन एकच असू शकतो.

समजा नाशिकचा एक एमआर आहे, एका औषध कंपनीत कामाला. नंबर एकच. कंपनीने वर्क प्रोफाइल टाकले आणि त्याने बॅगवाल्या व्हॉट्सॲपमध्ये तोच नंबर दिला. ओटीपीचा मेसेज घरच्या बाजूच्या मेसेज ॲपमध्ये आला. ऑफिसची प्रत तो सहसा आपणहून वाचू शकत नाही, म्हणून त्याने आकडे हाताने टाकले. नोंदणी झाली, आणि त्याच वेळी घरचे व्हॉट्सॲप बाहेर पडले. हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही, असा निरोप त्यावर आला. फोन हातात असताना ‘या फोनवर नाही’ हे वाचून कुणीही गोंधळेल, पण सर्व्हरच्या बाजूने ते अगदी खरे आहे.

त्याचे घरचे जुने चॅट तेव्हा पुसले गेलेले नाहीत. ते ० क्रमांकाच्या फोल्डरमध्ये आहेत, फक्त बंद दाराआड. पुढचे तीन आठवडे डॉक्टरांचे, केमिस्टचे आणि बहिणीचेही संदेश ऑफिसच्या प्रतीत येत राहिले. मग वैतागून त्याने नंबर पुन्हा घरच्या व्हॉट्सॲपमध्ये नोंदवला. जुने चॅट परत दिसले, पण मधले तीन आठवडे तिथे नव्हतेच. ते १० क्रमांकाच्या वहीत राहिले. या दोन वह्या एकत्र शिवून देणारे बटण व्हॉट्सॲपमध्ये नाही. बॅकअपवरून परत आणायचे म्हटले तरी एका वेळी एकाच वहीचा बॅकअप येतो, दोघींची बेरीज होत नाही.

म्हणून साधा मार्ग म्हणजे ऑफिसच्या प्रतीला दुसरा नंबर देणे. हल्ली फोनमध्ये दोन सिम असतातच, आणि कंपनीने सिम दिले असेल तर प्रश्नच मिटला. नंबर एकच ठेवायचा असेल तर दुसरा मार्ग २०२३ पासून आहे. ऑफिसच्या प्रतीत नंबर नोंदवायचा नाही, तर कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप जोडतो तशी ती प्रत जोडलेले उपकरण म्हणून लावायची. नंबर विचारणाऱ्या पानावरच्या तीन ठिपक्यांत तो पर्याय असतो. मात्र तसे केले की घरचे चॅटही ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये येतात, आणि मग वेगळेपणाला फारसा अर्थ उरत नाही.

वेगळेपणाचा रोजचा फायदा संध्याकाळी कळतो. वर्क प्रोफाइल ‘पॉज’ केले की तिथली ॲप्स थांबतात, नोटिफिकेशन येत नाहीत. साहेबांनी रात्री पाठवलेल्या संदेशावर त्यांना एकच टिक दिसते. फोन बंद असताना दिसते तशीच. तो संदेश सर्व्हरवर थांबतो आणि सकाळी प्रोफाइल चालू केले की येतो. व्हॉट्सॲप न पोचलेला संदेश ३० दिवस ठेवते, त्यामुळे आठवड्याच्या रजेत काही हरवत नाही. नुसते नोटिफिकेशन म्यूट करण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, कारण म्यूट केलेल्या ॲपमध्ये माणूस शेवटी डोकावतोच.

नोकरी सोडताना मात्र हीच भिंत अंगावर येते. वर्क प्रोफाइलचा मालक कंपनीचा आयटी विभाग असतो. घरच्या बाजूचे चॅट किंवा फोटो त्याला दिसत नाहीत, पण ऑफिसची बाजू तो दूरवरून पूर्ण पुसू शकतो, आणि शेवटच्या दिवशी सहसा तसेच होते. प्रोफाइल गेले की १० क्रमांकाचे सगळे खाते जाते. व्हॉट्सॲप रोज रात्री फोनमध्ये जो बॅकअप करते, तोही त्याच खात्यात असल्याने बरोबरच जातो. नंतर तो नंबर घरच्या बाजूला नोंदवला तर ग्रुपची नावे परत येतात, कारण कोणत्या ग्रुपमध्ये कोण आहे ही नोंद सर्व्हरवर असते. संदेश येत नाहीत.

गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप यातून वाचतो, पण त्यासाठी वर्क प्रोफाइलमध्ये स्वतःचे गूगल खाते जोडलेले हवे, आणि अनेक कंपन्या तिथे खासगी खाते जोडूच देत नाहीत. मग हाती उरते ते एकेक चॅट एक्स्पोर्ट करणे. त्यातून साधी मजकुराची फाइल निघते. ती वाचता येते, पण व्हॉट्सॲपमध्ये परत भरता येत नाही. शिवाय ती घरच्या बाजूला पाठवण्यालाही कंपनीची बंदी असू शकते. ते आधीच तपासायचे असेल तर राजीनामा देईपर्यंत थांबू नये. एखादे बिनमहत्त्वाचे चॅट आजच एक्स्पोर्ट करून शेअरच्या यादीत घरचा टॅब उघडतो का, एवढे पाहिले तरी कळते.

कंपनी नसतानाही वर्क प्रोफाइल करता येते. शेल्टर आणि आयलंड ही ॲप्स फोनमध्ये ते तयार करतात आणि मालक तुम्हीच राहता. पण इथेही नियम तोच आहे. शेल्टर नको म्हणून प्रोफाइल काढून टाकले तर त्यातले व्हॉट्सॲप इतिहासासकट जाते. फोनमध्ये कंपनीचे प्रोफाइल आधीच असेल तर शेल्टरला सहसा जागा मिळत नाही. नुसते दोन नंबर वापरायचे असतील तर एवढा खटाटोप नको. २०२३ च्या ऑक्टोबरपासून व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खाती चालवू देते. तिथे भिंत नसते, फोटो नेहमीच्या गॅलरीत येतात, कॉन्टॅक्टची यादी एकच राहते. फक्त संध्याकाळी एका बोटाने अख्खे ऑफिस झोपवता येत नाही.