माळ्यावर शयनकक्ष : आधी उंची मोजा

कौलारू घराच्या माळ्यावर शयनकक्ष करताना पहिला प्रश्न उंचीचा असतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उतरत्या छपराखालील खोलीची सरासरी उंची किमान २.७५ मीटर असावी. कौलांपर्यंत मोजल्यास आढ्याखाली ३.२ आणि कडेला २.४ मीटर उंची असेल, तर सरासरी २.८ मीटर भरते. मात्र ७५ मिलिमीटरचा उष्णतारोधक थर आणि त्यावर ५० मिलिमीटरची पोकळी ठेवताच ती २.७ मीटरहून कमी होते. पोकळी वगळणे हा उपाय नव्हे. वळचण व आढे या दोन्ही ठिकाणी ती उघडी असल्यासच तापलेली हवा बाहेर पडते.

शिडीऐवजी कठडा असलेला पक्का जिनाच हवा. २.७ मीटर चढण्यासाठी १८ सेंटिमीटर उंचीचे १५ टप्पे लागतात. पायरी २५ सेंटिमीटर रुंद ठेवल्यास जिना साडेतीन मीटर लांबी व्यापतो.