तीन कॅमेरे, एक मैफल

ख्यालगायनाच्या दीड तासाच्या मैफलीचे चित्रण साधारणपणे तीन कॅमेऱ्यांवर होते. एक सभागृहाच्या मागच्या टोकाला, पूर्ण मंच दिसेल असा. दुसरा डावीकडे, गायकाच्या चेहऱ्यावर. तिसरा उजवीकडे, तबला आणि हार्मोनिअमवर. गाण्याचा खरा, स्वच्छ आवाज मात्र यांपैकी एकाही कॅमेऱ्यात नसतो. तो मिक्सरला जोडलेल्या रेकॉर्डरमध्ये स्वतंत्रपणे उतरतो. ही चारही यंत्रे वेगवेगळ्या क्षणी सुरू झालेली असतात. संकलकाच्या हाती येतात त्या चार फाइल्स, आणि त्यांतला एकच क्षण टाइमलाइनवर एकाखाली एक आणणे हे संकलनाचे पहिले काम ठरते.

चित्रपटाच्या सेटवर त्यासाठी क्लॅप देतात. मैफलीत मध्येच पाटी आपटता येत नाही, म्हणून आवाजाचाच आधार घेतला जातो. कॅमेऱ्याच्या अंगच्या मायक्रोफोनने टिपलेला आवाज ऐकायला कितीही घुमट किंवा खरखरीत असला तरी तो न विसरता चालू ठेवायचा, कारण जुळवणी त्याच्यावरच होते. वेव्हफॉर्म म्हणजे या आवाजाचा चढउतार दाखवणारा आलेख. तबल्यावरची थाप तिथे उंच सुळक्यासारखी उमटते, तर तानपुऱ्याचा अखंड नाद जवळजवळ सपाट पट्टीसारखा दिसतो. संगणक एक आलेख दुसऱ्यावरून थोडाथोडा सरकवत नेतो आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही कितपत मिळतात याचा हिशेब करतो. जिथे सुळक्यांवर सुळके सर्वांत चांगले बसतात ती जागा खरी मानली जाते. फायनल कट प्रो, प्रीमिअर प्रो, डाव्हिंची रिझॉल्व्ह या सगळ्यांत ही सोय आहे. केडेनलाइव्ह या मोफत प्रणालीतही आहे. तिथे मिक्सरची फाइल आधी `Set Audio Reference` म्हणून निवडायची आणि मग कॅमेऱ्यांच्या क्लिप्स निवडून `Align Audio to Reference` म्हणायचे.

संगीताच्या बाबतीत या पद्धतीला एक खास धोका असतो. ठेका पुन्हा पुन्हा तोच येतो. द्रुत तीनतालाची लय मिनिटाला 240 मात्रांची असेल तर 16 मात्रांचे आवर्तन बरोबर 4 सेकंदांत संपते आणि आलेखावर तोच नमुना पुन्हा उमटतो. क्लिप वीस-पंचवीस सेकंदांचीच असेल तर संगणक ती एक आवर्तन पुढे किंवा मागे बसवू शकतो. अशी चूक पटकन ध्यानात येत नाही, कारण समेवरची थाप समेवरच पडलेली दिसते. गायकाच्या ओठांकडे पाहिले की ती पकडता येते: आवाजात बंदिशीचा मुखडा चालू असतो आणि चित्रात गायक तान घेत असतो. म्हणून कॅमेरे निवेदन सुरू होण्याआधीच चालू करावेत आणि मध्ये बंद करू नयेत. बोललेली वाक्ये, टाळ्या, श्रोत्यांतला एखादा खोकला यांची आवर्तने नसतात. जुळवणी खात्रीची होते ती त्यांच्यामुळे.

आलेख अचूक जुळले तरी चित्र अचूक जुळतेच असे नाही. त्याचे कारण ध्वनीच्या वेगात आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मागचा कॅमेरा मंचापासून 18 मीटरांवर असेल, तर थाप दिसते त्याच क्षणी, पण तिचा आवाज तिथे सुमारे 52 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिक्सरकडे तोच आवाज तारेतून तत्काळ गेलेला असतो. आलेख जुळवताना संगणक मागच्या कॅमेऱ्याची क्लिप तेवढीच आधी सरकवतो, आणि चित्र आवाजाच्या 52 मिलिसेकंद पुढे निघून जाते. सेकंदाला 25 फ्रेम्सच्या चित्रणात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते, म्हणजे हा फरक एका फ्रेमहून जास्त आहे. पूर्ण मंच दिसत असताना तो कोणाला खटकत नाही. पण याच कॅमेऱ्याने लांबून तबलजीची बोटे टिपली, की थाप पडताना आधी दिसते आणि मग ऐकू येते. उपाय सोपा आहे: त्या क्लिपचे चित्र एक फ्रेम उशिरा सरकवायचे. उरलेले 12 मिलिसेकंद जाणवत नाहीत. मंचापासून चार मीटरांवरच्या बाजूच्या कॅमेऱ्यांत मुळातच तेवढा फरक असतो. मात्र मागचा कॅमेरा सभागृहातल्या एखाद्या स्पीकरजवळ उभा असेल तर हा हिशेब मंचापासून करून चालत नाही, कारण त्याच्यापर्यंत आवाज स्पीकरमधून आधीच पोहोचलेला असतो. अशा वेळी तबल्यावरचा हात पाहूनच ठरवावे.

त्यानंतर मैफलीचा शेवट तपासायचा. हे काम बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक यंत्रातले घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालते. सुरुवातीला चोख बसलेला कॅमेरा दीड तासानंतर भैरवीत तीन फ्रेम्स मागे पडलेला आढळू शकतो. 5,400 सेकंदांत 120 मिलिसेकंद, म्हणजे दहा लाखांत सुमारे 22 भागांचा हा फरक. क्लिपचा वेग बदलून तो घालवावा असे वाटते, पण वेग टक्क्याच्या दोनच दशांश स्थळांपर्यंत देता येत असेल तर सर्वांत लहान बदलसुद्धा दीड तासात अर्ध्या सेकंदाहून जास्त होतो. त्यापेक्षा क्लिप दोन रागांमधल्या टाळ्यांच्या जागी कापून पुढचा तुकडा पुन्हा जुळवणे बरे. काप अशा ठिकाणी द्यायचा, जिथे पडद्यावर दुसऱ्याच कॅमेऱ्याचे चित्र असेल. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी तबल्याची थाप फ्रेमगणिक पाहिली, तर घसरण किती आणि कुठून हे कळते.

काही कॅमेरे लांब चित्रण 4 जीबीच्या तुकड्यांत साठवतात. तुकड्यांच्या सांध्यावर एखाददुसरी फ्रेम गळण्याची शक्यता असते, म्हणून सांधा गृहीत न धरता प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवलेला चांगला.

चर्चासत्रात बोलणेच जास्त असल्यामुळे आवर्तनाचा घोटाळा होत नाही, पण दुसरी अडचण येते. संगणकाच्या पडद्याचे रेकॉर्डिंग आवाजाविना केलेले असेल तर त्याला आलेखच नसतो. मागच्या कॅमेऱ्यात स्लाइड बदललेली दिसते त्या फ्रेमवर ते हाताने बसवावे लागते. श्रोत्याने माइकशिवाय विचारलेला प्रश्नही मिक्सरच्या ट्रॅकवर नसतो. तेवढ्यापुरता जवळच्या कॅमेऱ्याचा आवाज वापरावा लागतो.

सगळे बसल्यावर क्लिप्सची एकत्र मल्टिकॅम क्लिप केली जाते. मग तिन्ही चित्रे शेजारी शेजारी चालत असताना हवा तो कॅमेरा निवडत जायचे. मींड चालू असताना चित्र बदलले तर डोळ्यांना झटका बसतो; समेवर किंवा श्वासाच्या जागी केलेला बदल सहज मिसळून जातो. आवाज सलग मिक्सरचाच राहतो आणि कॅमेऱ्यांचे ट्रॅक बंद केले जातात. पण मिक्सरच्या आवाजात दाद नसते. ‘वाहवा’ आणि टाळ्या मागच्या कॅमेऱ्यानेच टिपलेल्या असतात, म्हणून त्याचा ट्रॅक अगदी हलका मिसळतात. चित्र एक फ्रेम सरकवले असले तरी हा ट्रॅक चित्रापासून सोडवून आलेख जुळला होता तिथेच ठेवायचा, नाहीतर गाण्याला मागून प्रतिध्वनी चिकटतो.