एपिसोडचा लेखी भाग : तोच कुकर, तीच डाळ, मग लेहला कच्ची का राहते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

माझा एक नातेपुत्याचा मित्र फौजेत आहे. पोस्टिंग लेहला झालं तेव्हा त्याने घरचाच कुकर सोबत नेला. एक दिवस फोन आला, "भावा, घरी तीन शिट्ट्यांत तुरीची डाळ मऊ व्हायची. इथं तीन शिट्ट्या काढल्या तरी दाताखाली येतेय. कुकर बिघडला का?"

कुकर ठणठणीत होता. फरक होता तो हवेचा.

शाळेत आपण पाठ केलं की पाणी १०० अंशाला उकळतं. हे खरं आहे, पण समुद्रसपाटीला. पाण्याचे रेणू सतत पृष्ठभागावरून निसटून वाफ होत असतात आणि ही वाफ दाब देते, तोच बाष्पदाब. पाणी तापेल तसा तो वाढतो. समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब १०० धरा. २५ अंशाच्या पाण्याचा बाष्पदाब त्यापुढे फक्त ३ असतो. ६० अंशाला तो २० होतो आणि १०० अंशाला बरोबर १००.

आता पातेल्याच्या तळाशी वाफेचा एक बुडबुडा तयार झालाय असं समजा. बाहेरची हवा पाण्यावरून त्याला दाबतेय आणि आतली वाफ त्याला फुगवतेय. पाणी ६० अंशावर असेल तर २० विरुद्ध १००, बुडबुडा जागीच चिरडतो. (तापायला ठेवलेल्या पाण्यात सुरुवातीला जे बारीक बुडबुडे दिसतात ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे, ती उकळी नव्हे.) बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा झाला की बुडबुडा टिकतो आणि वर येतो. यालाच आपण उकळी म्हणतो.

म्हणजे बाहेरचा दाब कमी असेल तर उकळी लवकर येणार. नातेपुते समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचा दाब ९४ च्या आसपास. म्हणून आपल्याकडे पाणी ९८ अंशालाच उकळतं. पालखी मुक्कामी असताना दिंड्यांची मोठी पातेली चुलीवर असतात ना, त्यातली आमटी ९८ च्या वर फारशी जात नाही. जाळ दुप्पट केला तर पाणी लवकर आटेल, पण जास्त गरम होणार नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथं दाब सुमारे ६५. पाणी ८८ अंशालाच खळखळतं. दिसायला तीच उकळी, पण डाळीला १० अंश कमी मिळतात.

कुकर याच्या उलट करतो. वाफ कोंडतो, आतला दाब वाढतो, त्यामुळे उकळी लांबते आणि पाणी जास्त तापतं. पण एक बारकी गोष्ट बघा. शिट्टी म्हणजे भोकावर ठेवलेलं वजन. बाहेरच्या हवेपेक्षा आत सुमारे १०० ने दाब जास्त झाला की ती उचलते. बाहेरच्या हवे*पेक्षा*, हे महत्त्वाचं. नातेपुत्यात ९४ अधिक १००, म्हणजे १९४. या दाबाला पाणी जवळपास १२० अंशावर असतं. लेहला ६५ अधिक १००, म्हणजे १६५, आणि तापमान ११५ च्या खाली. शिट्टी तशीच वाजते, पण आतलं पाणी पाचेक अंशांनी थंड असतं.

मित्राला सांगितलं, शिट्ट्या मोजू नको, मिनिटं मोज. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर. दाब टिकून राहिला की तापमानही टिकतं, मोठ्या गॅसने फक्त वाफ वाया जाते. डाळ आधी भिजव आणि घरच्यापेक्षा जास्त वेळ ठेव. पुढच्या आठवड्यात मेसेज आला, "शिजली."

जाता जाता एक गोष्ट, ही मात्र गंमत नाही. माझ्या मामीने एकदा घाईत, वाफ जिरायच्या आधीच झाकण जोर लावून सरकवलं. हात भाजला, महिनाभर पट्टी होती. कारण हेच गणित. आत १२० अंशाचं पाणी द्रवरूपात आहे ते फक्त दाबामुळे. झाकण निघालं की दाब एका क्षणात ९४ वर येतो आणि त्या दाबाला पाणी ९८ च्या वर राहूच शकत नाही. जादाची उष्णता वाफ बनवण्यात जाते. एक लिटर पाण्यातलं साधारण ४० ग्रॅम पाणी तिथल्या तिथे वाफ होतं, आणि ४० ग्रॅमची वाफ म्हणजे साठ-सत्तर लिटर! ती उकळती डाळ घेऊनच बाहेर उडते.

म्हणून झाकण सहज सरकत नसेल तर आत अजून दाब आहे असं समजा. शिट्टी चमच्याने हलकेच उचलून बघा. फुस्स आवाज आला तर थांबा, आवाज पूर्ण बंद झाल्यावरच झाकण काढा. घरी कुकर लावणाऱ्यालाही हे सांगा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला!